फिरत्या तबकडीवरचं नाणं : प्रस्तावना

एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत एक उदाहरण आहे. पंधरा सेंटिमीटर त्रिज्येची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते आहे. तिच्यावर दोन नाणी ठेवली आहेत, एक केंद्रापासून ४ सेंटिमीटरवर आणि दुसरं १४ सेंटिमीटरवर. नाणं आणि तबकडी यांच्यातला घर्षण गुणांक ०.१५ दिलेला आहे. दोघांपैकी कुठलं नाणं तबकडीबरोबर फिरत राहील? आपल्याकडे बारावीच्या तयारीत याचंच एक भावंड भेटतं. त्यात ५ सेंटिमीटरवरचं नाणं ९० फेऱ्यांना घसरू लागतं आणि त्यावरून घर्षण गुणांक काढायचा असतो. उत्तर ०.४५ च्या आसपास येतं. दादर स्टेशनबाहेरच्या क्लासेसमधून निघालेली मुलं ही दोन्ही उदाहरणं चहा येईपर्यंत सोडवून मोकळी होतात.

यातलं नाणं प्रत्यक्ष तबकडीवर ठेवलेलं मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. ही पुस्तिका त्यासाठी आहे. तिच्यात एकच प्रयोग आहे: फिरत्या तबकडीवर नाणं केंद्रापासून जास्तीत जास्त किती दूर ठेवलं तरी टिकतं, ती हद्द शोधायची. एका प्रयोगासाठी अख्खी पुस्तिका कशाला, असं कुणी विचारेल. हा प्रयोग मुलांकडून करून घेताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. त्रिज्येचा आकडा काढणं पाच मिनिटांचं काम आहे. तो आकडा अपेक्षेपेक्षा सेंटिमीटरभर कमी का आला, हे शोधायला दुपार जाते, आणि भौतिकशास्त्र त्या दुपारीच शिकून होतं.

आधी मूळ हिशेब. नाणं तबकडीबरोबर गोल फिरतं, म्हणजे क्षणोक्षणी त्याची दिशा वळते. ती वळवायला केंद्राकडे ओढणारं बल लागतं. नाण्याला ना दोरी बांधलेली आहे, ना खिळा मारलेला आहे. तबकडीचा पृष्ठभाग आणि नाण्याची खालची बाजू यांच्यातलं घर्षण हेच काय ते बल. म्हणून इथे घर्षण केंद्राकडे असतं. निम्मी मुलं आकृतीत त्याचा बाण बाहेरच्या बाजूला काढतात, कारण नाणं बाहेर जातं हे त्यांनी ऐकलेलं असतं. पण नाणं बाहेर जातं ते घर्षण अपुरं पडल्यावर. जोवर ते टिकून आहे तोवर घर्षण त्याला आत धरून आहे.

हे धरून ठेवणारं स्थैतिक घर्षण गरजेपुरतंच लागू होतं. नाणं केंद्राजवळ असेल तर थोडं, लांब असेल तर जास्त. मात्र त्याला कमाल मर्यादा आहे: नाण्याच्या वजनाच्या घर्षण गुणांकाइतक्या पट. गरज त्रिज्येबरोबर वाढत जाते आणि मर्यादा जिथल्या तिथे राहते. दोन्ही जिथे भेटतात ती हद्द:

r = μg/ω²

सूत्रात वस्तुमान कुठेच नाही, कारण ते गरजेतही आहे आणि मर्यादेतही, दोन्हीकडून गळतं. रुपया ठेवा नाहीतर त्याच्या दुपटीहून जड असलेलं दहाचं नाणं ठेवा, घर्षण गुणांक सारखा असेल तर हद्द तीच. आणि कोनीय वेगाचा वर्ग छेदात आहे. पुढच्या सगळ्या गमती या वर्गातून निघतात.

आता तबकडी कुठली? या प्रयोगाला ठरलेल्या, न बदलणाऱ्या वेगाने फिरणारी सपाट चकती लागते, आणि तशी घरगुती वस्तू म्हणजे रेकॉर्ड प्लेअर. गिरगावातल्या कितीतरी घरांत माळ्यावर तो अजून पडून आहे. नसेल तर लॅमिंग्टन रोडच्या किंवा चोरबाजाराच्या गल्ल्यांत जुना मिळतो. पट्टा बदलला, तेल घातलं की चालतो. केक सजवायची फिरती थाळी किंवा हाताने ढकलायची कुठलीही चकती मात्र इथे उपयोगाची नाही. तिचा वेग दर फेरीला उतरत जातो आणि नाणं नेमकं कुठल्या वेगाला सुटलं हे सांगता येत नाही.

जुन्या प्लेअरला बहुधा तीन वेग असतात: ३३⅓, ४५ आणि ७८. प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर घर्षण गुणांक समजा ०.२ आहे. मग ३३⅓ ला हद्द १६ सेंटिमीटर येते, म्हणजे बारा इंची एल.पी.च्याही बाहेर. नाणं अगदी काठावर ठेवलं तरी हलणार नाही. ४५ ला हद्द येते ८.८ सेंटिमीटर, आणि ७८ ला जेमतेम ३ सेंटिमीटर. ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डवर ३ सेंटिमीटर म्हणजे मधल्या कागदी लेबलाच्या आतच. कुत्र्याच्या छापाची रेकॉर्ड असेल तर नाणं त्या कुत्र्यावरच टिकेल, गाण्याच्या रेघांवर आलं की गेलं.

या आकड्यांत पुस्तकातल्या उदाहरणाची मेखही दिसते. ३३⅓ वेगाला १४ सेंटिमीटरवरचं नाणं घसरवायचं तर घर्षण गुणांक ०.१७ च्या वर जाऊन चालत नाही. उदाहरण तयार करणाऱ्याने ०.१५ घेतला, त्याची हद्द १२ सेंटिमीटर येते आणि दोन नाणी तिच्या दोन बाजूंना नीट बसतात. घरी स्वच्छ नाणं आणि कोरडी तबकडी घेतली तर गुणांक बहुतेक वेळा याहून जास्त असतो. दोन्ही नाणी निवांत फिरत राहतात आणि मूल म्हणतं, पुस्तक चुकलं. पुस्तक चुकलेलं नाही, पृष्ठभाग वेगळा आहे. पण एवढ्यासाठी प्रयोगाची सुरुवात ३३⅓ वर करू नये. ४५ वर करावी, तिथे हद्द तबकडीच्या मधोमध कुठेतरी पडते आणि पट्टीने मोजण्याजोगी असते.

पृष्ठभागाबद्दल दोन गोष्टी आधीच सांगायला हव्यात. प्लेअरवरची रबराची गादी काढून टाकावी. रबरावर नाणं एवढं घट्ट धरलं जातं की ४५ लाही काठावरून हलत नाही. आणि गाण्याची रेकॉर्ड, मग ती कितीही जुनी असो, या कामाला वापरू नये. नाण्याच्या कडेने ओरखडे पडतात, आणि लाखेच्या रेकॉर्डवर पडलेला ओरखडा पुन्हा भरून निघत नाही. शिवाय एल.पी.ची कड आणि मधला लेबलाचा भाग किंचित उचललेला असतो. त्या उंचवट्यावर नाणं तिरकं बसतं आणि मोजमाप भलतंच येतं. पुस्तिकेत सुचवलेला उपाय मला फार आवडला: सुताराकडून सनमायकाचा उरलेला तुकडा मागून घ्यायचा, त्याची ३० सेंटिमीटर व्यासाची चकती कापायची, मधोमध प्लेअरचा दांडा जाईल एवढं भोक पाडायचं आणि पेन्सिलने दर अर्ध्या सेंटिमीटरला वर्तुळं आखायची. सपाट, एकसारखा पृष्ठभाग आणि मोजपट्टी दोन्ही एकाच वेळी तयार.

प्रयोगाचा खरा कणा त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी गाळला जातो. घर्षण गुणांक तबकडी न फिरवताही काढता येतो. तीच सनमायकाची चकती फळीवर ठेवायची, तेच नाणं त्याच बाजूने तिच्यावर ठेवायचं आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं. ज्या कोनाला नाणं घसरायला लागतं त्याचा टॅन्जंट म्हणजे घर्षण गुणांक. हे आधी केलं की हद्दीचं भाकीत हातात येतं. मग तबकडी सुरू करायची आणि भाकीत खरं ठरतं का ते पाहायचं. दोन वाटांनी एकाच जागी पोचता आलं तरच प्रयोग झाला असं मी मानतो. नुसती त्रिज्या मोजून तिच्यावरून घर्षण गुणांक काढला तर तो चूक की बरोबर हे सांगायला कुणीच साक्षीदार नसतो.

परळच्या एका जुन्या चाळीत मुलांबरोबर मांडलेला प्रयोग इथे तपशिलात सांगतो. नाणं रुपयाचं होतं, २०११ पासूनच्या मालिकेतलं, साधारण २२ मिलिमीटर व्यासाचं. ते साबणाने धुऊन पुसून घेतलं होतं, कारण हाताळलेल्या नाण्यावर बोटांचा तेलकटपणा असतो. सालाखाली हिऱ्याच्या आकाराची छोटी खूण होती, म्हणजे नाणं फोर्टातल्या टांकसाळीत पडलेलं. मुलांना या खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि त्यावरून थोडा वेळ गेला तो मला वाया गेला असं वाटलं नाही.

फळी ३० सेंटिमीटर लांबीची. टोक पुस्तकांवर पुस्तकं रचत उचलत नेलं. नाणं कधी ६.९ सेंटिमीटर उंचीला सुटायचं, कधी ७.५ ला, आणि सगळी उत्तरं या दोहोंच्या मध्ये पडत होती. म्हणजे घर्षण गुणांक ०.२४ ते ०.२६. मुलांना एकच आकडा हवा होता. पण स्थैतिक घर्षण असंच असतं. नाणं दर वेळी जरा वेगळ्या कणांवर टेकतं, त्याच्या उठावाच्या कडेचे वेगवेगळे बिंदू भार घेतात, हवेतला दमटपणा बदलतो. म्हणून हद्द ही रेघ नसून पट्टा असतो, आणि तो पट्टा किती रुंद आहे हे सांगणं हा उत्तराचाच भाग आहे. मुंबईच्या अक्षांशाला g साधारण ९.७९ धरला की ४५ फेऱ्यांसाठी भाकीत निघालं: हद्द १०.४ ते ११.४ सेंटिमीटरच्या पट्ट्यात कुठेतरी.

मग तबकडी फिरवली. नाणं बंद तबकडीवर ठेवायचं, मग बटण दाबायचं. फिरत्या तबकडीवर वरून नाणं सोडलं तर ते सुरुवातीलाच घसरत असतं. त्या क्षणी स्थैतिक नव्हे, त्याहून कमी असं गतिक घर्षण काम करतं आणि नाणं हद्दीच्या आतूनही निसटतं. नाणं ९ सेंटिमीटरवर टिकलं, ९.५ वर टिकलं, १० वर गेलं. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. भाकीत १०.४ पासून पुढचं होतं आणि नाणं १० सुद्धा ओलांडत नव्हतं.

इथे मुलं म्हणतात, चालायचंच, प्रयोगात फरक येतोच. या वाक्याला पुस्तिकेत जागा दिलेली नाही, याचा मला आनंद आहे. फरक येतो तेव्हा त्याला कारण असतं आणि इथे संशयित मोजकेच आहेत.

पहिला संशयित वेग. सूत्रात वेगाचा वर्ग असल्याने वेगातली चूक त्रिज्येत दुप्पट होऊन येते. ४५ ऐवजी साडेशेहेचाळीस फेऱ्या होत असतील तर हद्द सात मिलिमीटरने आत सरकते. वेग तपासायला चकतीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून मिनिटभर फेऱ्या मोजाव्यात. याहून बारीक तपासणी जुन्या प्लेअरच्या वापरातली आहे. कागदी चकतीच्या कडेला समान अंतरावर काळ्या रेघा आखतात आणि ती फिरत असताना ट्यूबलाइटच्या उजेडात बघतात. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. ३३⅓ साठी १८० रेघा आखल्या आणि वेग बरोबर असला तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. ४५ साठी १३३ आणि ७८ साठी ७७ रेघा लागतात. रेघा फिरण्याच्या दिशेने पुढे सरकताना दिसल्या तर वेग जास्त आहे, मागे सरकल्या तर कमी. हल्लीच्या एलईडी दिव्यांखाली हे बहुतेक वेळा जमत नाही, कारण त्यांतले बरेच असे मिणमिणत नाहीत. जुनी ट्यूब शोधावी. परळच्या खोलीत ती होती, आणि वेग बरोबर निघाला.

दुसरा संशयित सुरुवातीचा झटका. तबकडी वेग घेत असताना नाण्यालाही पुढे रेटावं लागतं, आणि ते कामही घर्षणच करतं. तबकडीने एका सेकंदात ४५ चा वेग घेतला तर हद्दीजवळ घर्षणावरचा भार दोनेक टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या सेकंदात घेतला तर नऊ टक्क्यांच्या आसपास. मोटारीवर थेट बसवलेल्या तबकड्या असा झटकन वेग घेतात, पट्ट्याच्या हळू घेतात. आमचा प्लेअर पट्ट्याचा होता. तरीही आधी ३३⅓ वर सुरू करून मग खटका ४५ वर ढकलून पाहिलं. नाणं त्याच जागी सुटलं. म्हणजे झटक्याचाही दोष नव्हता.

खरा सुगावा नाण्यानेच दिला. ते दर वेळी खिडकीच्या बाजूला सुटत होतं. आणि लक्ष देऊन पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: सुटण्याआधी ते एकदम निघत नव्हतं, फेरीगणिक इंचाच्या बारीक अंशाने बाहेर सरकत होतं, खिडकीशी आलं की थोडं सरकायचं, दरवाज्याकडे गेलं की थांबायचं.

हे सरकणं फार बोलकं आहे. समतल तबकडीवर हद्द ओलांडलेलं नाणं असं थांबत-थांबत जाऊ शकत नाही. ते जरा बाहेर सरकलं की त्रिज्या वाढते, त्रिज्या वाढली की त्याला धरून ठेवायला आणखी बल लागतं, आणि घसरू लागल्यावर मिळणारं घर्षण आधीपेक्षाही कमी असतं. म्हणजे एकदा निघालं की परत थांबायला कारणच उरत नाही, ते थेट काठापलीकडे जातं. फेरीत एका ठिकाणी सरकून दुसऱ्या ठिकाणी थांबणारं नाणं एकच गोष्ट सांगतं: तबकडी तिरकी आहे. उताराच्या बाजूला आलं की गुरुत्वाकर्षणाचा छोटासा वाटा त्याला बाहेर ढकलतो, चढाच्या बाजूला गेलं की तोच वाटा त्याला आत धरतो.

चाळीच्या खोल्यांची जमीन मोरीकडे उतरती असते, आणि टेबल त्याच जमिनीवर उभं असतं. उतार डोळ्यांना जाणवत नाही. पण ४५ फेऱ्यांना एक अंशाचा कल हद्दीतून जवळजवळ ८ मिलिमीटर कापून घेतो, आणि हा तोटा घर्षण गुणांक कितीही असला तरी तेवढाच असतो. गवंड्याची पाणपातळी तबकडीवर ठेवली तर बुडबुडा चढाकडे पळाला. साधारण ३५ सेंटिमीटर रुंदीच्या प्लेअरला एक अंशाचा कल काढायला एका बाजूखाली सहा मिलिमीटरची उचल पुरते. वहीच्या जाड पुठ्ठ्याच्या घड्या पायांखाली सरकवल्या, बुडबुडा मधोमध आला, आणि तबकडी पुन्हा सुरू केली. नाणं १०.५ वर टिकलं, ११ वर गेलं. गेलं तेही एका झटक्यात, आणि आता दर वेळी वेगळ्या दिशेला. भाकितातल्या पट्ट्याच्या ऐन मध्ये.

नाणं जातं कसं, याबद्दलही पुस्तिकेत एक सुंदर सूचना आहे आणि तिला कॅरमची पावडर लागते. लालबाग-परळच्या कुठल्याही कॅरमच्या बोर्डापाशी ती असतेच. नाणं ठेवलेल्या वर्तुळापर्यंतचा भाग स्वच्छ ठेवून फक्त त्याच्या बाहेरच्या पट्ट्यावर पावडरचा पातळ थर पसरायचा आणि हद्दीच्या किंचित पलीकडे नाणं ठेवून तबकडी चालू करायची. नाणं निसटल्यावर तबकडी थांबवून बघितलं की पावडरमध्ये त्याची वाट उमटलेली असते. ती वाट सुरुवातीला जवळजवळ त्रिज्येच्या रेषेत बाहेर निघते आणि मग फिरण्याच्या उलट दिशेला वाकत जाते. मात्र खोलीत उभं राहून वरून पाहणाऱ्याला नाणं वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या रेषेच्या अंगानेच जाताना दिसतं. दोन्ही खरं आहे. पावडर तबकडीबरोबर फिरत होती, म्हणून तिने तबकडीच्या नजरेतून दिसणारी वाट लिहून ठेवली. 'अपकेंद्री बल' हा शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही, यावर मी वर्गात पुष्कळ बोललो आहे. पावडरमधली ती वाकडी रेघ आणि खोलीत उडालेलं नाणं हे दोन्ही मुलांनी एकाच दिवशी पाहिलं की ते बोलणं अर्ध्याने कमी होतं.

पावडर नाण्याखाली येता कामा नये, हे मात्र कटाक्षाने पाळावं. ती आली की नाणं कणांवर सरकतं, घर्षण गुणांक एकदम खाली येतो आणि दर खेपेला बदलतो, कारण कण चिरडत आणि बाजूला होत जातात. काही मुलं मुद्दाम तसं करून पुस्तकातलं ३३⅓ चं उदाहरण घडवून आणतात. ते करायला हरकत नाही. पण त्या दिवशीचे आकडे सनमायकाच्या कोऱ्या चकतीच्या आकड्यांत मिसळू नयेत.

वस्तुमान गळतं, हे पडताळायला एका नाण्यावर दुसरं ठेवून पाहायचा मोह होतो, आणि तिथे एक खड्डा आहे. वरचं नाणं खालच्या नाण्यावर टेकलेलं असतं, सनमायकावर नव्हे. धातू आणि धातू यांच्यातलं घर्षण वेगळं, शिवाय दोन्ही नाण्यांचे उठाव एकमेकांवर नीट बसत नाहीत. वरचं नाणं आधीच एकटं निसटतं आणि मुलं लिहितात की वजन वाढल्यावर हद्द कमी झाली. दोन्ही नाणी चिकटपट्टीने घट्ट बांधली, चिकटपट्टी खालच्या बाजूला येऊ दिली नाही, की जोडगोळी एका नाण्याच्याच हद्दीवर टिकते. रुपया आणि दहाचं नाणं यांची तुलना करतानाही हीच काळजी घ्यावी. दहाच्या नाण्याची कड वेगळ्या धातूची असते आणि तिचा गुणांक फळीवर वेगळा मोजूनच भाकीत करावं.

शेवटी ७८ च्या वेगाबद्दल, कारण पुस्तिकेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तोच आहे. भारतात ७८ च्या रेकॉर्ड्स पाश्चात्त्य देशांपेक्षा बरीच वर्षं अधिक निघत राहिल्या, म्हणून आपल्याकडच्या जुन्या प्लेअरना हा तिसरा वेग बहुधा असतो. नव्या प्लेअरना तो क्वचित असतो. ७८ ला ४५ ने भागून वर्ग केला तर जवळजवळ नेमके ३ येतात. म्हणजे त्याच चकतीवर, त्याच नाण्यासाठी ७८ ची हद्द ४५ च्या हद्दीच्या बरोबर एक तृतीयांश असली पाहिजे. १०.९ सेंटिमीटरची ३.६ व्हायला हवी.

हे गुणोत्तर कशावर अवलंबून नाही, ते पाहण्यासारखं आहे. घर्षण गुणांक कितीही असो, तो दोन्ही हद्दींत सारखाच आहे, म्हणून भागाकारात उरत नाही. तबकडी तिरकी असली तरी तिचा तोटाही दोन्हीकडे त्याच प्रमाणात येतो. ४५ ला ८ मिलिमीटर जात असतील तर ७८ ला पावणेतीनच्या आसपास. म्हणून तिरक्या टेबलावरही गुणोत्तर तीनच राहतं. त्यात फरक पडला तर दोष दोनच ठिकाणी असू शकतो: दोन वेगांपैकी एक खोटा आहे, नाहीतर पट्टी चुकीच्या जागेवरून धरली आहे.

दुसरी चूक फार सर्रास होते. त्रिज्या नाण्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, कारण वजनाचा मध्य तिथे आहे. मुलं नाण्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात, कारण पेन्सिलच्या वर्तुळाशी ती कड जुळवणं सोपं जातं. रुपयाच्या बाबतीत यामुळे दोन्ही अंतरांत अकरा मिलिमीटर वाढतात. ४५ ला १०.९ ऐवजी १२ आले तर कुणाच्या लक्षात येत नाही, घर्षण गुणांक जरासा जास्त भरतो, एवढंच. पण ७८ ला ३.६ चे ४.७ होतात, आणि १२ भागिले ४.७ केलं की तीनच्या जागी अडीचच्या आसपास आकडा येतो. म्हणून पुस्तिकेतल्या नोंदतक्त्यात ४५ आणि ७८ यांचे रकाने शेजारीशेजारी आहेत आणि तिसरा रकाना त्यांच्या भागाकाराचा आहे. वाचकाने तो तिसरा रकाना आधी भरावा आणि तिथे तीन आल्याशिवाय घर्षण गुणांकाच्या रकान्याला हात लावू नये.